‘एकाग्रता कमी’ लिहिलं तिथे चुकलं: बुद्धिबळाच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना लिहिलेली दोन पत्रं

सोलापूरच्या पूर्व भागात माझा बुद्धिबळाचा क्लास आहे. एक लांबट खोली, दहा पट आणि संध्याकाळी साडेपाचला शाळेच्या दप्तरासकट येणारी मुलं. गुकेश डिसेंबर 2024 मध्ये जगज्जेता झाला, जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला आणि चौकशीचे फोन वाढले. फोन करणाऱ्या पालकांचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा अधिकृत आकडा, कधी येईल?

हे प्रकरण पाचवीतल्या एका मुलाचं आहे. जून 2024 पासून तो माझ्याकडे येतो. घर तेलुगू-मराठी दोन्ही बोलणारं, वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. बिघडलेला माग दुरुस्त करणं हे त्यांचं काम. त्यांना मी आणि सगळेच ‘अण्णा’ म्हणतो. मुलाचे खाडे जवळजवळ नाहीत, गृहपाठ पूर्ण, ओपनिंगच्या चाली तोंडपाठ. तरीही सव्वा वर्षात तीन स्पर्धांमध्ये सातपैकी तीन, अडीच आणि पुन्हा तीन गुण. त्याच्यानंतर आलेल्या दोन मुली आता त्याला क्लासमध्ये हरवतात.

ऑगस्टमध्ये मी अण्णांना मोबाईलवर तीन ओळी पाठवल्या होत्या. ‘मुलगा हुशार आहे. पण एकाग्रता कमी पडते, घाईत खेळतो. घरी सराव वाढवावा.’ असे तीन-ओळी निरोप मी शेकडो पाठवले असतील. यातून काय घडलं ते मला ऑक्टोबरमध्ये कळलं.

अण्णांनी सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. संध्याकाळचं क्रिकेट बंद केलं. रात्री जेवण झालं की दीड तास फोनवर बुद्धिबळाची कोडी सोडवायला बसवलं, स्वतः शेजारी बसून. रोज साठ-सत्तर कोडी व्हायची. मुलाचा खेळ आणखी बिघडला. कारण फोनवरच्या कोड्यात चाल चुकली की लगेच लाल खूण येते आणि दुसरी चाल करून बघता येते. तिथं आधी हात चालतो, मग डोळे. तेच तो पटावर करायला लागला. माझ्या निरोपात काय वाढवायचं ते होतं, नेमकं काय बिघडलंय ते नव्हतं. अण्णांनी ‘सराव’ या शब्दाचा त्यांना सुचला तो अर्थ घेतला, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

दसऱ्यानंतरच्या रविवारी अण्णा क्लासच्या दारात चप्पल न काढता उभे राहिले. ‘‘मॅडम, पोरगं पुढं सरकंना. तुम्ही म्हणाल ते केलं. आता काय करू सांगा, नाहीतर बंद करतो.’’ मी त्यांच्याकडे आठ दिवस मागितले. म्हटलं, लिहून देते.

आठ दिवसांत काय पाहिलं

आधी कपाटातून त्याच्या डावांचे कागद काढले. क्लासमध्ये दर शनिवारी प्रत्येकी पंचेचाळीस मिनिटांचा एक डाव होतो. मुलं चाली लिहितात आणि प्रत्येक चालीशेजारी घड्याळात उरलेली मिनिटं टिपतात. जून ते ऑक्टोबरचे चौदा कागद सापडले. ही सवय मुलांना मीच लावली होती, पण ते मिनिटांचे आकडे मी कधी ओळीने वाचले नव्हते, हे इथं कबूल करते. चाली तपासायच्या, चूक दाखवायची आणि कागद कपाटात, एवढंच चालायचं.

या खेपेला प्रत्येक डावात दोनच गोष्टी शोधल्या. पहिला मोहरा फुकट कुठं गेला आणि तेव्हा घड्याळात काय होतं. चौदापैकी अकरा डावांत एखादा उंट, घोडा किंवा त्याहून मोठा मोहरा असा गेला होता की समोरच्याची धमकी पटावर आधीच उभी होती किंवा एका चालीवर होती. त्या अकरांपैकी नऊ डावांत तो गमावणारी चाल करताना मिनिटाचा आकडा बदललेलाच नव्हता. डाव संपला तेव्हा त्याच्याकडे बहुतेक वेळा तीस मिनिटांच्या वर शिल्लक होती.

एक डाव इथं मांडते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. चिरंजीव पांढऱ्या बाजूने होता.

```
1.e4 e5 2.Nf3 Nc6 3.Bb5 a6 4.Ba4 d6
5.d4 b5 6.Bb3 Nxd4 7.Nxd4 exd4
8.Qxd4 c5 9.Qd5 Be6 10.Qc6+ Bd7
11.Qd5 c4
```

रुय लोपेझ ओपनिंगमधला हा फार जुना सापळा आहे. ओपनिंग मीच शिकवलं होतं. सातव्या चालीनंतर काळ्याचं एक प्यादं डी-4 वर एकटं उभं दिसतं आणि वजिराने ते घ्यावंसं वाटतं. घेतलं की काळ्याचं सी-प्यादं दोन घरं पुढं येऊन वजिराला हटकतं. मुलाने वजीर डी-5 वर नेला. ती चाल बघायला मस्त वाटते, कारण तिथून एफ-7 वर मात आणि कोपऱ्यातला हत्ती अशा दोन्ही धमक्या आहेत. काळ्याने उंट मध्ये आणून दोन्ही मिटवल्या. मुलाने शह देऊन वजीर परत तिथंच आणला. मग तेच सी-प्यादं आणखी एक घर सरकलं आणि बी-3 वरच्या उंटाची वाट बंद झाली. एका बाजूला बी-5 चं प्यादं, दुसऱ्या बाजूला सी-4 चं आणि मागं स्वतःचीच प्यादी. दोन प्यादी मिळवून त्याने उंट दिला.

कागदावर आठव्या चालीपुढे 44 होतं आणि अकराव्या चालीपुढे 43. सगळं नाटक एका मिनिटात आटोपलं होतं. सव्विसाव्या चालीला डाव हरला तेव्हा घड्याळात 37 मिनिटं होती.

पण घाई हे कारण आहे की परिणाम, ते एवढ्यावरून कळत नाही. मूल कधी घाई करतं कारण त्याला काही दिसतच नाही, आणि कधी दिसू शकतं पण बघायची सवय नसते. दोन्हींचा उपाय वेगळा. म्हणून मंगळवारी त्याला एकटं बसवून पटावर स्थिती मांडल्या. पहिल्या दहांना मी नेहमीसारखं शीर्षक दिलं: ‘फोर्क शोध’, म्हणजे एकाच मोहऱ्याने दोघांवर हल्ला करणारी चाल शोध. नऊ बरोबर आल्या. मग तशाच तोडीच्या दहा, पण शीर्षकाशिवाय: ‘तुझी चाल आहे, खेळ.’ चार आल्या. शेवटी पाच अशा, जिथं जिंकायला काहीच नव्हतं आणि समोरच्याची धमकी तेवढी ओळखून अडवायची होती. एकही आली नाही. पाचही वेळा त्याने हल्ल्याची चाल केली.

थोडं पाणी पिऊन आल्यावर तशाच नव्या पाच स्थिती मांडल्या, एक अट घालून. चाल करायच्या आधी समोरच्याला आता काय घ्यायचंय ते मोठ्याने सांगायचं. चार बरोबर आल्या. पाच-पाच स्थितींवरून फार मोठं विधान करता येत नाही, पण एवढं नक्की झालं की त्याला दिसतं. विचारलं तर दिसतं. स्वतःला विचारायची सवय त्याला लागलेली नाही, आणि माझ्या शीर्षकवाल्या कागदांनी ती लागूही दिली नव्हती. वर ‘फोर्क’ लिहिलं की अर्धं उत्तर मीच देऊन ठेवत होते.

(फळ्यावरचा मोठा पट नीट दिसतो ना, हेही त्याच दिवशी शेवटच्या बाकावर बसवून बघितलं. दिसत होता. हे आधीच बघायला हवं. मागं एका मुलीच्या बाबतीत मी चार महिने खेळाचा दोष धरून बसले होते आणि निघाला चष्मा.)

पत्र

अण्णांना पटावर मोहरे कसे चालतात एवढं माहीत आहे, नोटेशन वाचता येत नाही. म्हणून पत्रात एकही चाल आकड्यात लिहायची नाही असं ठरवलं. दुसरं ठरवलं ते हे, की मुलाच्या स्वभावाबद्दल एकही विशेषण वापरायचं नाही. मी पाहिलं तेवढंच लिहायचं. पहिल्या मसुद्यात ‘आत्मविश्वास’ शब्द दोनदा आला होता. दोन्ही वेळा खोडला. पाठवलेलं पत्र असं होतं:

> आदरणीय अण्णा,
> सप्रेम नमस्कार.
>
> तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर आधी देते. होय, चिरंजीवाची प्रगती हळू आहे. सव्वा वर्षात जेवढी व्हायला हवी तेवढी झालेली नाही. त्याचं कारण मला आता सापडलंय असं वाटतं आणि त्यातला एक भाग माझ्या शिकवण्यातला आहे.
>
> त्याचे जूनपासूनचे चौदा डाव मी पुन्हा तपासले. अकरा डावांत त्याने एखादा मोठा मोहरा फुकट घालवला. म्हणजे समोरचा तो घेणार हे पटावर दिसत होतं, पण त्याने तिकडे पाहिलं नाही. वेळ कमी होता म्हणून असं झालं म्हणावं, तर डाव संपताना त्याच्या घड्याळात बहुतेक वेळा अर्ध्या तासाहून जास्त वेळ उरलेला होता.
>
> एक उदाहरण सांगते. सप्टेंबरच्या एका डावात समोरच्याचं एक प्यादं पुढे आलं आणि त्याने चिरंजीवाच्या वजिराला हटकलं. वजीर धोक्यात आहे हे त्याने लगेच पाहिलं आणि वाचवला. तेच प्यादं आणखी एक घर पुढे आलं की उंटाला पळायला जागा राहणार नाही, हे त्याने पाहिलं नाही. खरी चूक त्याच्याही एक चाल आधी झाली होती. एक मोकळं प्यादं दिसलं आणि त्याने ते घेतलं. ‘मी हे घेतलं तर तो काय करेल?’ हा प्रश्न तिथं विचारायचा राहिला.
>
> हे तुम्हाला तुमच्या कामातून चटकन कळेल. ताण्यातला एक धागा तुटला आणि माग तसाच चालू ठेवला तर कापडावर उभी रेघ उतरत जाते. मग माग जास्त तास चालवून ती रेघ जात नाही, तेवढा लांब माल खराब होतो. माग थांबवून धागा शोधून गाठ मारावी लागते. ऑगस्टमध्ये मी तुम्हाला ‘सराव वाढवा’ म्हटलं, ते माग जास्त तास चालवा म्हटल्यासारखं झालं. तुम्ही तुमच्या बाजूने काही कमी केलं नाही. सांगण्यात माझी चूक झाली.
>
> मी त्याला काही स्थिती देऊन पाहिलं. समोरच्याला काय हवंय असं विचारून चाल करायला लावली तर पाचपैकी चार वेळा त्याला बरोबर दिसतं. विचारलं नाही तर पाचपैकी एकदाही दिसलं नाही. म्हणजे शक्ती आहे, थांबायची सवय नाही. मी आजवर कोड्यांच्या कागदावर काय शोधायचं ते वर लिहून देत होते, त्यामुळे ती सवय लागायला जागाच राहिली नाही. हा माझ्याकडचा भाग.
>
> आता दिवाळीनंतरच्या सत्राबद्दल. नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर, मध्ये गड्ड्याच्या यात्रेचे दिवस सुट्टी.
>
> या सत्रात त्याला नवीन ओपनिंग शिकवणार नाही. आहे तेवढं पुरे. डाव खेळताना त्याने एक क्रम पाळायचा. समोरच्याने चाल केली की आधी ती चाल कागदावर लिहायची, घड्याळातली मिनिटं लिहायची आणि पेन खाली ठेवायचं. पेन खाली असताना दोन गोष्टी बघायच्या. जो मोहरा हलला त्याची नजर आता कुठं पडते, आणि तो उठून गेल्यामुळे मागं काय उघडं पडलं. मग स्वतःची चाल. हात तोवर मांडीखाली. पटावर हात गेला आणि मोहऱ्याला लागला की तोच खेळावा लागतो, हा नियम त्याला माहीत आहे.
>
> घरी रोज सहा स्थिती, फोनवर नाही, खऱ्या पटावर. कागद मी देईन, वर काही लिहिलेलं नसेल. काहींत जिंकायचं असेल, काहींत वाचवायचं आणि काहींत विशेष काहीच नसेल. उत्तर वहीत एकदाच लिहायचं, खोडायचं नाही. वीस मिनिटांत सहा झाल्या नाहीत तर चार झाल्या तरी चालेल. तुम्ही उत्तर तपासू नका. फक्त वही भरली का बघा.
>
> फोन पूर्ण बंद करायला सांगत नाही. पण एक आणि तीन मिनिटांचे डाव या सत्रात नकोत. खेळायचंच असेल तर प्रत्येकी पंधरा मिनिटांचा एक डाव. आणि त्याचं क्रिकेट परत सुरू करा, ही माझी विनंती आहे.
>
> स्पर्धा एकच, फेब्रुवारीत, सोलापुरातलीच. डावानंतर त्याला ‘जिंकलास का’ असं पहिलं विचारू नका. निकाल तो स्वतःच सांगेल. ‘आज सगळ्यात जास्त वेळ कुठल्या चालीला थांबलास?’ असं विचारा. उत्तर चूक की बरोबर हे तुम्हाला कळायची गरज नाही. तो थांबला होता का, एवढं त्यातून कळतं.
>
> रेटिंगबद्दल. पुण्याच्या पुतण्याला 2022 मध्येच रेटिंग मिळालं आणि आज ते 1448 आहे, असं तुम्ही म्हणालात. तुमचं म्हणणं खरं आहे, पण त्यात एक गोष्ट बघावी लागते. तेव्हा रेटिंग 1000 पासून मिळायचं. त्याचं 1080 होतं. 1 मार्च 2024 पासून जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, खालची पायरी 1400 केली आणि ज्यांचं 2000 पेक्षा कमी होतं त्यांना 2000 पर्यंतच्या अंतराच्या चाळीस टक्के एकदाच वाढवून दिले. 1080 पासून 2000 पर्यंत 920 अंतर, त्याचे चाळीस टक्के 368. म्हणून 1448. पुतण्या मेहनती असेलच, पण ही वाढ डाव जिंकून आलेली नाही. आज नव्याने रेटिंग मिळवायला रेटिंग असलेल्या खेळाडूंशी निदान पाच डाव व्हावे लागतात आणि त्यांतली कामगिरी निदान 1400 ची यावी लागते, नाहीतर नावापुढे काहीच लागत नाही. आत्ता चिरंजीव तिथं पोचणार नाही. या सत्रात रेटिंगच्या स्पर्धेची फी आणि जाण्याराहण्याचा खर्च करू नका.
>
> सुधारणा झाली की नाही हे आपण गुणांवरून ठरवायचं नाही. शनिवारच्या डावात मोहरा फुकट गेला का, एवढंच मोजायचं. आज चौदात अकरा आहे. फेब्रुवारीअखेर निम्म्या डावांत तरी तो जाऊ नये असं मी धरलंय. नाताळापर्यंत काहीच फरक दिसला नाही, तर माझं निदान चुकलं असं समजून मी तुम्हाला बोलावीन आणि त्याला दुसऱ्या कुणाला दाखवावं का यावर बोलू.
>
> हे पत्र त्यालाही वाचून दाखवा. त्याच्यापासून लपवावं असं यात काही नाही.
>
> आपली,
> (सही)

पेनबद्दल थोडं जास्त

पत्रातला पेनचा मुद्दा अनेकांना बारीक वाटेल, पण मला सगळ्यात जास्त विचार तिथंच करावा लागला. आम्ही शिकलो तेव्हा शिक्षक सांगायचे: आधी तुझी चाल कागदावर लिही, मग पुन्हा पट बघ, मगच खेळ. थांबायला लावायचा तो सोपा उपाय होता. पण आजच्या फिडे नियमांत आपली चाल खेळण्याआधी लिहून ठेवायला मनाई आहे. बरोबरीचा दावा करण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर पंच हरकत घेतो. क्लासमध्ये ती सवय लावली तर स्पर्धेत ताकीद मिळणार. समोरच्याची चाल मात्र उत्तर देण्याआधी लिहिता येते. म्हणून थांबा तिथं ठेवला. मुलाचं लक्षही आपोआप तिकडे जातं जिकडे जायला हवं, कारण हातात जी चाल लिहितोय ती समोरच्याची असते.

पहिले तीन आठवडे हे वाईट चाललं. तो समोरची चाल लिहायचा, पेन ठेवायचा आणि ठेवताठेवताच दुसऱ्या हाताने मोहरा उचलायचा. कागदावर मिनिटं मात्र नीट लिहिलेली. त्यामुळे बघणाऱ्याला वाटावं की क्रम पाळतोय. मी शेजारी खुर्ची टाकून बसले तेव्हा लक्षात आलं. मग दोन शनिवार त्याने दोन्ही उत्तरं माझ्या कानात कुजबुजायची असं ठरवलं. ‘‘घोड्याची नजर एफ-2 वर, मागं उंटाची वाट उघडली.’’ डाव लांबले आणि शेजारच्या पटावरची मुलं वैतागली. पण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कुजबुज मी बंद केली तेव्हा पेन खाली ठेवल्यावर त्याचे ओठ हलताना दिसायला लागले.

फेब्रुवारीअखेर काय झालं

अण्णांनी पत्र दोनदा वाचलं असं त्यांनी सांगितलं. पुतण्याच्या हिशोबाचा भाग त्यांनी भावाला फोन करून ताडून पाहिला. क्रिकेट सुरू झालं. वही बहुतेक दिवस भरलेली असायची. यात्रेच्या दिवसांत कोरी होती, आणि ते धरलेलंच होतं.

सत्रात शनिवारचे बारा डाव झाले. पहिल्या चारांत चारही वेळा मोहरा फुकट गेला. नाताळापर्यंतच्या पुढच्या तिनांत दोनदा गेला. तेव्हा पत्रातल्या शब्दाप्रमाणे अण्णांना बोलवायचं का याचा मी खरंच विचार केला. फरक होता, पण फार थोडा. मी कागद काढून मिनिटं पाहिली. ज्या चालींवर चूक झाली तिथं आता दोन-दोन, तीन-तीन मिनिटं गेलेली होती. म्हणजे तो थांबत होता आणि थांबूनही चुकत होता. ही चूक वेगळ्या जातीची आहे आणि शिकवता येते. म्हणून योजना तशीच पुढं चालवली आणि अण्णांना तेवढंच कळवलं. यात्रेनंतरच्या पाच डावांत मोहरा एकदाच फुकट गेला. बारात सात झाले. मी धरलेल्या निम्म्याला ते पोचले नाहीत, पण शेवटचे पाच डाव वेगळेच दिसतात.

फेब्रुवारीतल्या स्पर्धेत त्याला सातपैकी तीनच गुण मिळाले.

इथं माझ्या योजनेतलं भोक उघडं पडलं. ती स्पर्धा रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांची होती, आणि रॅपिडमध्ये चाली लिहिणं बंधनकारक नसतं. टेबलावर कागद नव्हता, पेन नव्हतं आणि त्याबरोबर थांबाही गेला. पहिल्या दोन फेऱ्यांत तो ऑगस्टमधल्यासारखा खेळला. तिसऱ्या फेरीपासून त्याने स्वतःहून हात मांडीखाली घेतले, हे मी दुरून पाहिलं. पुढच्या पाचांत त्याने तीन गुण केले. हरलेल्या दोनांपैकी एका डावात तो एका हत्तीने वर होता आणि घड्याळात वेळ संपली.

गेल्या सत्रात ज्याच्या घड्याळात अर्धा तास उरायचा तो मुलगा आता वेळेवर हरला. अण्णा स्पर्धेच्या हॉलबाहेर कट्ट्यावर बसले होते. तो बाहेर आला तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘सगळ्यात जास्त कुठं थांबलास?’’ त्याने पाच मिनिटं त्या एका चालीबद्दल सांगितलं, बोटांनी हवेत घरं दाखवत. मग म्हणाला, ‘‘तिथं लई थांबलो, म्हणून वेळ गेला.’’

मार्चचं पत्र मी आता लिहायला घेतलंय. त्यात विषय एकच आहे: कुठल्या चालीला थांबायचं नाही. समोरच्याने मोहरा घेतला आणि परत घ्यायला एकच वाट असेल, शह बसला आणि राजाला एकच घर असेल, अशा चालींना दोन प्रश्न पुरेत आणि पाच मिनिटं लावायची नाहीत. त्यासाठी त्याचे बाराही कागद पुन्हा काढलेत आणि या खेपेला मिनिटांच्या आकड्यांखाली लाल रेघा मारते आहे. जिथं वेळ फुकट गेला तिथं.